पहिली तीन मिनिटं



मी पायदळातला निवृत्त कर्नल. वयाच्या ५४ व्या वर्षी गणवेश उतरवला, महूलाच घर केलं आणि ५५ व्या वर्षी बासरी हातात धरली. ६३ व्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, इंदूरच्या एका छोट्या संगीत मंडळाच्या मासिक सभेत माझं पहिलं एकल वादन झालं. ४० मिनिटांचं. आज मी बोलणार आहे ते त्या ४० मिनिटांतल्या पहिल्या तीन मिनिटांबद्दल, आणि त्यासाठी आधी तीन महिने काय केलं त्याबद्दल.

लोक मला विचारतात, "कर्नलसाहेब, तुम्ही काश्मीरमध्ये राहून आलात, तुम्हाला कसली हो स्टेजची भीती?" मंडळी, ती वेगळी भीती आणि ही वेगळी. तिथे माझ्या आजूबाजूला माझी पलटण होती, काय करायचं ते ठरलेलं होतं आणि माझ्याकडे कोणी बघत बसलेलं नव्हतं. इथे शंभर माणसं फक्त माझ्याकडे बघत होती. त्यातली निम्मी इंदूरची, म्हणजे अमीर खाँसाहेबांच्या गावची, कानाने तिखट.

आणि मला आधीचा एक अनुभव होता. दोन वर्षं शिकून झाल्यावर एका घरगुती बैठकीत मी दहा मिनिटं वाजवायला बसलो. पहिला षड्ज लावायला बासरी ओठाशी नेली आणि नुसती हवा आली. फुस्स. पुन्हा फुंकलं तर षड्ज थेट वरच्या सप्तकात उडाला, शिट्टीसारखा. ओठ कोरडे, बोटं गार, डावा गुडघा आपला आपण हलतोय. कशीबशी पाच मिनिटं ओढली आणि खोकल्याचं निमित्त करून उठलो. घरी येताना गाडीत बायको एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर चार वर्षं मी कुणासमोर वाजवलं नाही. घरी मात्र रोज वाजवत होतो आणि घरी उत्तम वाजत होतं. आमच्या गुरुजींनी एक दिवस सरळ विचारलं, "कर्नलसाहेब, रायफल रेंजवर नीट चालते आणि लढाईत चालत नाही, तर दोष कशात शोधाल?" मी म्हटलं, "सरावात. सराव लढाईसारखा झाला नाही." ते म्हणाले, "मग?" बस्स. तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी शरीरात काय होतं ते बघू, कारण ते कळलं की अर्धी लाज जाते. शरीराला धोका वाटला की ॲड्रेनॅलिन सुटतं. हृदय जोरात धावतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. लाळ कमी होते, म्हणून तोंड कोरडं. श्वास छातीत वर वर आणि भराभर चालतो. पळायचं असेल किंवा लढायचं असेल तर हे सगळं उपयोगाचं आहे. पण तबला वाजवणाऱ्याची बोटं गार पडली तर तो ती चोळून वेळ मारून नेतो. गाणाऱ्याचा घसा सुकला तर तो घोटभर पाणी पितो. बासरीवाल्याचं असं आहे की त्याचं वाद्यच श्वास, ओठ आणि बोटं या तिघांवर उभं आहे, आणि भीती नेमकी त्या तिघांवरच येते.

माझा षड्ज का उडाला ते आता सांगतो. घाबरलेला माणूस पहिल्या स्वराआधी गळ्यापर्यंत श्वास भरतो. त्याला वाटतं, जास्त हवा म्हणजे जास्त आधार. पण फुगा तुडुंब भरल्यावर तोंडाशी दाब किती येतो ते आठवा. ती हवा बाहेर पडायला धडपडते, ओठांना ती आवरत नाही, आणि बासरीत जास्त दाबाने फुंकलं की स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो. वाद्याचा तो धर्मच आहे, आपण मुद्दाम तसंच करून तार सप्तक वाजवतो. म्हणजे मला हवा कमी पडली नव्हती. हवा जास्त झाली होती.

मला एकदम माझे तरुणपणचे दिवस आठवले. आम्ही ७.६२ एसएलआरवर शिकलो. फायरिंग शिकवताना उस्ताद सांगायचे की श्वास घ्या, अर्धाअधिक सोडा, आणि श्वास सोडल्यावर जी नैसर्गिक विश्रांती येते तिथे ट्रिगर दाबा. छाती भरून नेम धरला की नळी हृदयाच्या ठोक्याबरोबर नाचते. बासरीत श्वास रोखून चालत नाही, पण आधी सोडायचं हे तत्त्व तेच. मी क्रम असा लावला: आधी पूर्ण सोडायचा, नाकाने. मग एक क्षण थांबायचं. मग पोटातून, पाऊण भरेल इतकाच घ्यायचा. आणि मग स्वर, हळू. गळ्यापर्यंत भरलं की खांदे वर जातात, ही त्याची खूण. आरशासमोर बसलात तर खांदे बघूनच कळतं की पुढचा स्वर उडणार आहे.

आता श्वासाच्या सरावाबद्दल. मी रोज संध्याकाळी पाच मिनिटं एकच प्रकार केला. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सेकंदाला एक अंक. म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटांत तीस. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, म्हणजे हा त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी वेग झाला. संगीतवाल्यांना लगेच सुचेल की साठच्या लयीत झपतालाचं एक आवर्तन म्हणजे एक श्वास. मलाही सुचलं. ॲपवर झपताल लावून बसलो. पण खाली येते सहाव्या मात्रेवर आणि मला श्वास सोडायला सुरुवात करायची पाचव्या मात्रेपासून, त्यामुळे डोकं तालातच अडकायला लागलं. शेवटी ठेका बंद केला आणि मनातच मोजायला लागलो.

सोडण्याचा वेळ जास्त का? मनगटावर नाडी धरून बसा. श्वास आत घेताना नाडी थोडी जलद होते, सोडताना थोडी मंद. तरुणांमध्ये हे सहज कळतं, आमच्या वयाला फरक कमी होतो, पण असतो. श्वास सोडताना हृदयाला आवर घालणारी जी नस आहे, व्हेगस, तिचा लगाम थोडा घट्ट होतो. म्हणून सोडणं लांबवलं की लगाम जास्त वेळ हातात राहतो. यात जादू नाही आणि हा उपाय भीती घालवत नाही. ठोके ११० वर असतील तर ते ९५ वर येतात, आणि माझ्या ओठांना ९५ चालतात. इतकंच.

इथे दोन ठिकाणी माझं चुकलं, ते सांगतो. पहिलं म्हणजे मी "दीर्घ श्वास" या शब्दाने फसलो. पहिल्या आठवड्यात मोठमोठे श्वास घ्यायला लागलो आणि तिसऱ्या मिनिटाला ओठांना मुंग्या, डोकं हलकं. मला वाटलं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा खेळवताय, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात. श्वास हळू हवा, मोठा नको. शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतका श्वास मोठा असेल तर तो जास्त झाला, अशी खूण मी ठेवली. एक हात पोटावर, एक छातीवर. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ नाही.

दुसरं, श्वास रोखण्याचे प्रकार. चार घ्या, चार रोखा, चार सोडा, चार रोखा, हा चौकोनी श्वास फौजांमध्ये प्रसिद्ध आहे, मीही शिकलो होतो. पण मी रक्तदाबाची गोळी घेतो, आणि रोखताना माझ्या छातीत उगाच दडपण यायचं. स्टेजच्या आधी दडपणासारखं काहीही वाटलं की मन म्हणतं, झालं, आली भीती. म्हणून मी तो सोडला. ज्यांना तो जमतो त्यांनी जरूर करावा. ज्यांना हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी रोखण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आणखी एक प्रकार खास स्टेजवर चढण्याच्या क्षणासाठी ठेवला. नाकाने श्वास घ्यायचा, तो संपतो असं वाटलं की त्यावर अजून एक छोटा घोट घ्यायचा, आणि मग तोंडाने लांब सोडायचा. लहान मूल रडून झाल्यावर जसा हुंदका देऊन निःश्वास टाकतं तसा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रोज पाच मिनिटं असा श्वास घेणाऱ्यांची ध्यान करणाऱ्यांशी तुलना केली, आणि श्वासवाल्यांची मनःस्थिती जास्त सुधारलेली दिसली. मी पाच मिनिटं करत नाही. दोन, फार तर तीन वेळा. त्यापेक्षा जास्त केलं की तोंड सुकतं, आणि कोरडं तोंड म्हणजे काय ते मी वर सांगितलंच.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. हे श्वास महिनाभर आधी रोज केलेले असले तरच त्या दिवशी साथ देतात. आयत्या वेळी पहिल्यांदा मोजायला बसलात तर माणूस आपल्याच श्वासावर पहारा ठेवतो आणि जास्त घाबरतो.

आता राग. गुरुजींनी विचारलं, काय वाजवणार? मी म्हटलं, यमन. सभा संध्याकाळी सातची, त्यामुळे वेळही जुळत होती. गुरुजी म्हणाले, "यमनमध्ये तुमचा शत्रू कुठे बसलाय ते आधी सांगा." आणि खरंच, बासरीवर यमनमध्ये एक अवघड जागा आहे. षड्जाला वरची तीन छिद्रं बंद असतात, रिषभाला दोन, गंधाराला एक, आणि तीव्र मध्यमाला सगळी उघडी. त्याच्या पुढचा पंचम म्हणजे सहाच्या सहा छिद्रं बंद, आणि फुंक थोडी जास्त. म्हणजे तीव्र मध्यमावरून पंचमावर जायचं तर सहा बोटं एकाच क्षणी, सहाही छिद्रं पूर्ण झाकत पडायला हवीत, आणि त्याच क्षणी फुंकेचा दाब बदलायला हवा. एक बोट केसभर सरकलं तरी पंचम किंचाळतो. घरी गरम बोटांनी हे शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा जमतं. गार, कापऱ्या बोटांनी?

बाकी काही प्रयोगाशिवाय कळत नाही. म्हणून मी ते तपासलं. थंडीच्या दिवसांत पहाटे गच्चीवर गेलो, बोटं गारठू दिली आणि मध्यम-पंचम वीस वेळा घेतला. नऊ वेळा चुकला. मंडळी, नऊ! आता कळलं की बैठकीत काय झालं असतं, जर मी तिथवर पोचलोच असतो तर.

यावर दोन उपाय केले. एक, रोज दहा मिनिटं फक्त ती जागा, अगदी हळू, बोटं आपटल्याशिवाय. घाबरलेला माणूस बोटं आपटतो आणि आपटलेलं बोट छिद्रावरून सरकतं. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा. आलापाची पहिली तीन मिनिटं त्या जागेकडे जायचंच नाही. मंद्र निषाद, रिषभ, गंधार, परत षड्ज. यमनची ओळख तिथेच पटते, आणि ते सगळे स्वर हलक्या फुंकेचे, थोड्या बोटांचे. फौजेत आम्ही कधी रात्रीच्या अंधारात सगळ्यात अवघड नाला आधी ओलांडायला घेत नव्हतो. आधी पायाला जमिनीची सवय होऊ द्यायची.

तीन मिनिटंच का? माझ्या सरावाच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये हेच दिसलं की भीतीचा कळस सुरुवातीच्या आधी आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत असतो. नंतर शरीर आपोआप उतरायला लागतं. इतरांचं पाच मिनिटांचं असेल. ज्याने त्याने आपलं मोजावं. मी ती तीन मिनिटं जवळजवळ शब्दन्‌शब्द बसवली. आलाप उत्स्फूर्त असावा हे मला मान्य आहे. पण पहिल्या मैफलीतली उत्स्फूर्तता चौथ्या मिनिटापासून सुरू झाली तर यमन काही रागावत नाही.

मग सराव लढाईसारखा कसा करायचा? एकट्याने खोलीत भीती आणता येत नाही, पण भीतीने शरीरात जे होतं त्यातलं थोडं आणता येतं. मी घराच्या जिन्यावर दोन मजले भरभर चढ-उतार करायचो, नाडी ११५-१२० झाली की खाली बसून लगेच बासरी. पहिला षड्ज लागेपर्यंत मला किती वेळ लागतो ते मोजायचो. पहिल्या आठवड्यात दीड मिनिट, सहाव्या आठवड्यात वीस सेकंद. माझ्या वयाच्या लोकांनी हे डॉक्टरांना विचारून करावं आणि धाप लागेपर्यंत करू नये. आमच्या सौभाग्यवतींचं मत असं होतं की पडून हाडं मोडलीत तर वादन आपोआपच टळेल.

त्याच्या जोडीला माणसं. पहिल्यांदा फक्त समोर फोन ठेवून रेकॉर्डिंग, अट एकच: काही झालं तरी थांबायचं नाही, पुन्हा सुरू करायचं नाही. तो लाल ठिपका बघूनही छाती धडधडते, करून बघा. मग बायको आणि तिची बहीण. मग शेजारचे दोघे. मग सकाळी फिरायला येणारी आमची टोळी, आठ जण, त्यातले दोघे कायम मध्येच बोलणारे. ते मला हवेच होते. शेवटी गुरुजी आणि त्यांचे सगळे शिष्य. पाच वेळा, तीन महिन्यांत, पूर्ण ४० मिनिटं, त्याच क्रमाने: यमनचा आलाप, रूपकमध्ये मध्यलय गत, तीनतालात द्रुत गत, आणि शेवटी दादऱ्यात पहाडी धून. पाचही वेळा कुर्ता घालून, कारण पहिल्या वेळी कळलं की लांब बाही बासरीत अडकते.

या रेकॉर्डिंगनी एक गोष्ट उघडी पाडली जी मला कधीच जाणवली नसती. तीनतालातली गत मी घरी १६० च्या लयीत वाजवायचो. माणसांसमोर मीच तबलजीला लय द्यायचो १८५ ची, आणि मला ती १६० च वाटायची. ज्याचं हृदय धावतंय त्याला सगळं जग हळू वाटतं. मग मी लय देण्याआधी एक पूर्ण आवर्तन मनात म्हणायला लागलो, ओठ मिटून, आणि तबल्यावरच्या मुलाला आधीच सांगून ठेवलं की मी जी लय देईन त्यापेक्षा थोडी कमी धर. तो चोवीस वर्षांचा मुलगा हसला आणि म्हणाला, "अंकल, सगळेच असं करतात. आम्ही कमीच धरतो."

विसरण्याचीही भीती असते. गत मध्येच डोक्यातून पुसली गेली तर? आपल्या संगीताने याची सोय करून ठेवली आहे: मुखडा. कुठेही हरवलात तरी मुखडा पकडून समेवर यायचं. पेट्रोल विखुरलं तर सगळ्यांनी कुठे जमायचं ते आम्ही निघण्याआधीच ठरवत असू, तसंच हे. मी घरी मुद्दाम हरवायचो. बायकोला सांगितलं होतं, मध्येच केव्हाही टाळी वाजव. टाळी वाजली की जिथे असेन तिथून तान सोडायची, मात्रा मोजायच्या आणि मुखडा गाठायचा. सुरुवातीला दोन-दोन आवर्तनं नुसता भटकायचो. नंतर पुढच्याच समेवर यायला लागलो. तिला हा प्रकार फार आवडला. जरा जास्तच.

सभेच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला, संध्याकाळी सातला, मी हॉल बघायला गेलो. फौजी भाषेत रेकी. बैठकीवर ४० मिनिटं मांडी घालून बसलो आणि पंचविसाव्या मिनिटाला उजवा पाय बधिर झाला. घरून जाडसर उशी न्यायची ठरवली, बसायच्या जागेखाली, म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा खाली राहतात आणि पोटही मोकळं राहतं. पोट दबलेलं असेल तर वर सांगितलेले सगळे श्वास फुकट. माइकवाल्याला दोन गोष्टी सांगितल्या. माइक फुंकण्याच्या छिद्राच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला आणि वर हवा, नाहीतर श्वासाची फरफर हॉलभर होते. आणि माझ्या समोरच्या स्पीकरमध्ये तानपुरा मोठा हवा. घाबरलेल्या माणसाला तानपुरा ऐकू आला नाही तर तो स्वतःचा आवाज पकडून बसतो आणि जोरात फुंकत राहतो.

त्या दिवशी सकाळी मी फक्त वीस मिनिटं वाजवलं, तेही मंद्रातले लांब स्वर. दुपारी हलकं जेवण, चहा एकच. कॉफी नाही, कारण ती आधीच धावणाऱ्या हृदयाला चाबूक मारते. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला मोठ्या मनाने एक गोळी देऊ केली होती, प्रोप्रॅनोलॉल, हात कापू नयेत म्हणून. ही गोळी परदेशात काही वादक घेतात हे खरं. पण ती हृदयाची गती कमी करणारी गोळी आहे, दमेकऱ्याला धोकादायक ठरू शकते, आणि मी आधीच बीपीची गोळी घेतो. डॉक्टरांशिवाय दुसऱ्याच्या खिशातली गोळी घेऊ नका. मी धन्यवाद देऊन परत केली.

साडेसहाला मी पडद्यामागे होतो. हात बर्फ. मी लोकरीचे हातमोजे घेऊन गेलो होतो, ते घातले आणि हातात गरम पाण्याची बाटली धरली. बासरी शालीत गुंडाळून मांडीवर. याचं कारण वेगळं. बासरीतली हवा थंड असली की स्वर उतरतो, कारण थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो. वाजवता वाजवता ती श्वासाने गरम होते आणि स्वर चढतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला याचं काही सोयरसुतक नाही. थंड बासरीला तानपुरा आणि तबला मिळवून बसलात तर दहा मिनिटांनी तुम्ही चढलेले आणि ते जागेवर. मग आपल्याला वाटतं भीतीने बेसूर झालो. म्हणून आधी बासरी गरम केली, सगळी बोटं बंद करून आत मंद ऊन फुंकर घालत, आणि नंतरच स्वर मिळवले.

सहा पन्नासला चार-सहाचे श्वास सुरू केले. पाच मिनिटं. नाडी बघितली, १०४. मी मनात म्हटलं, ठीक आहे, १०४ ला माझा जिना चढून झालाय. हे मला फार उपयोगी पडलं. मन शांत आहे असं मी स्वतःला सांगितलं नाही, कारण ते खोटं होतं आणि शरीराला खोटं पटत नाही. ही नाडी ओळखीची आहे आणि या नाडीवर मला वाजवता येतं, एवढंच सांगितलं, आणि ते खरं होतं.

नाव पुकारलं. हातमोजे काढले. दोन हुंदक्याचे श्वास. घोटभर कोमट पाणी, ओठांवरून जीभ फिरवली. बैठकीवर बसलो, तबला मिळवून होईपर्यंत प्रेक्षकांकडे न बघता तानपुऱ्याकडे कान दिला. मग पूर्ण श्वास सोडला. थांबलो. पाऊण भरला. मंद्र निषाद.

लागला. किंचित कापत होता, पण लागला. रेकॉर्डिंगमध्ये तो सहा सेकंदांचा आहे, घरी मी चौदा सेकंद धरतो. रिषभ आठ सेकंद. गंधारावर आलो तेव्हा कापरं ओठांतून उतरून नुसत्या गुडघ्यात राहिलं होतं, आणि गुडघा बासरी वाजवत नाही. चौथ्या मिनिटाला पहिल्यांदा तीव्र मध्यमावरून पंचमावर गेलो. सहाही बोटं बसली.

सगळं गोड झालं असं समजू नका. रूपकच्या गतीत पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून बाहेर गेले आणि मी पूर्ण दोन आवर्तनं विचार करत राहिलो की का गेले. तेवढ्यात सम गेली. मुखड्याने वाचवलं. द्रुत गतीत पंचम दोनदा किंचाळला, दुसऱ्यांदा चांगलाच, आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितल्याचं मी बघितलं. लय तबलजीने खरंच कमी धरली होती, नाहीतर तिसऱ्यांदाही झालं असतं. पहाडी मात्र मला स्वतःला आवडली. तोपर्यंत हात गरम झाले होते.

आजोबा परत आले होते. नंतर चहाला भेटले, म्हणाले, "मधुमेह आहे हो मला, उठावं लागतं. यमन छान उघडलात." मी विचारलं, पंचमाचं काय? म्हणाले, "तो दोनदा ओरडला. पण तुम्ही थांबला नाहीत."

गाडीत बायकोने इंदूर सोडायच्या आत बोलायला सुरुवात केली, ती घर येईपर्यंत.

पुढचं वादन येत्या फेब्रुवारीत आहे, या वेळी तास भर. राग पुरिया कल्याण घ्यावा असं गुरुजी म्हणतात. तीव्र मध्यम-पंचम त्यातही आहेच, शिवाय कोमल रिषभाला अर्धं छिद्र झाकावं लागतं, आणि अर्धं छिद्र गार बोटांनी झाकणं हा एक नवीनच नाला आहे. परवापासून पहाटे गच्चीवर जायला सुरुवात केली आहे. वीसातून सात चुकतात.